एकच मीटिंग धरा

चाकणच्या कारखान्यात मी नक्की काय करते, हे मला घरी कधीच नीट समजावता आलं नाही. प्लांटहेडच्या ऑफिसची समन्वयक म्हटलं की आई विचारायची, म्हणजे काय करतेस? मी सांगायचे, माणसं एका वेळी एका ठिकाणी आणते. त्यावर ती म्हणायची, त्यात कसलं आलंय शिक्षण. तिचंही चुकत नव्हतं म्हणा. पण कंपनीतली चांगली शिकलेली माणसं रोज एकमेकांना चुकीच्या वेळी चुकीच्या खोलीत पाठवताना मी पाहिलीत. एक मीटिंग पुढे ढकलायची तर जुनी तशीच ठेवून दुसरी नवी पाठवतात, आणि नव्या निमंत्रणात विषय काय तर "चर्चा". कसली चर्चा, कोणाशी, काय वाचून यायचं, काही नाही. माझं डोकं फिरतं. शॉपवरचे लोक मला पाठीमागे "कॅलेंडरवाली मॅडम" म्हणतात हे मला माहीत आहे, आणि ते फारशा प्रेमाने म्हणत नाहीत हेही.

या चिडचिडीला घरचं एक कारण आहे. माझे वडील पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होते. त्यांच्या खात्यातल्या एका माणसाची चौकशी लागली, तारीख बदलली आणि बदललेली तारीख त्याला कोणी सांगितलीच नाही. तो आला तेव्हा निकाल लागून गेला होता. आमच्या वस्तीत त्या माणसाबद्दल पुढे कितीतरी वर्षं बोललं जायचं, आणि प्रत्येक वेळी वडील एवढंच म्हणायचे की त्याला बोलू तरी द्यायला हवं होतं. मी लहान होते. तारीख कळणं ही किती मोठी गोष्ट असते, ते मला तिथे कळलं.

आमच्याकडे प्रेसशॉपमध्ये अपघात झाला तेव्हा हे सगळं पुन्हा माझ्यासमोर आलं. बीडकडचा एक कामगार, कायम झालेला, शांत माणूस. त्याच्या उजव्या हाताची बोटं प्रेसखाली गेली. प्रेस चालवायची पद्धत अशी असते की दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, म्हणजे हात डायच्या, पत्रा दाबणाऱ्या साच्याच्या, खाली राहूच शकत नाहीत. त्या दिवशी मात्र मशीन पायाखालच्या पेडलवर चालू होतं. पेडलवर न्यायला एक चावी फिरवावी लागते आणि ती चावी शिफ्ट सुपरवायझरच्या ताब्यात असते. अहवालाच्या मसुद्यात लिहिलं होतं की कामगाराने परवानगीशिवाय चावी घेऊन मशीन पेडलवर टाकलं, म्हणजे निष्काळजीपणा त्याचा. हा मसुदा मान्य झाला असता तर त्याच्यावर आरोपपत्र निघालं असतं आणि नोकरी गेली असती. उजव्या हाताची बोटं गेलेल्या माणसाला या सगळ्या पट्ट्यात दुसरी कुठली कंपनी दारात उभी करणार होती? तो दवाखान्यातून सांगत होता की चावी मी घेतली नाही, मला दिली. ते कोणी लिहून घेतलं नव्हतं. मसुदा पक्का होण्याआधी एक चौकशी बैठक व्हायची होती आणि त्यात त्याला बोलायची संधी द्यायची, एवढं तरी ठरलं होतं. मुख्य कार्यालय दिल्लीकडे, तिथले सुरक्षा विभागाचे प्रमुख शेवटची सही करणार, म्हणून बैठक ऑनलाइन.

निमंत्रण पाठवायचं काम आमच्या सेफ्टी ऑफिसरकडे होतं. माणूस वाईट नाही, पण काम वाचवायची भारी हौस. त्याने नवं निमंत्रण केलंच नाही. सुरक्षा समितीची मासिक बैठक दर महिन्याच्या एका बुधवारी असते, तिची मालिका सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये आधीपासून होती. त्याने त्यातली एक बैठक उघडली, तिचं नाव बदलून चौकशी केलं, वर्णनात दोन ओळी टाकल्या आणि त्या एका बैठकीपुरता जखमी कामगाराचा स्वतःचा मेल जोडला. सगळ्यांची वेळ आधीच राखलेली आहे, मग कशाला त्रास, असा त्याचा हिशेब.

पुढच्या आठवड्यात मुख्य कार्यालयातून कळलं की त्या साहेबांना यापुढे बुधवार जमणार नाहीत. आमच्या प्लांटहेडनी सांगितलं, मालिका शुक्रवारवर घ्या. सेफ्टी ऑफिसरने अख्खी मालिका शुक्रवारवर नेली. प्रोग्रॅमने त्याला विचारलं होतं की मधल्या एखाद्या बैठकीत तुम्ही वेगळे बदल केले असतील तर ते जातील, चालेल का? त्याने चालेल म्हटलं. आपण सगळेच तसं म्हणतो, वाचत कोण बसतो. चौकशीचं नाव गेलं, दोन ओळी गेल्या, कामगाराचा मेल गेला. शुक्रवारी पुन्हा नेहमीची मासिक बैठक उभी राहिली, साफसफाई आणि हेल्मेटवाली. आणि कामगाराच्या फोनवर रद्द झाल्याचा निरोप काही पोचला नाही, तिथे बुधवारची चौकशी तशीच बसून राहिली.

इकडे मुख्य कार्यालयातल्या सेक्रेटरीबाईंना चौकशीचं निमंत्रण दिसेना, म्हणून त्यांनी आपल्या साहेबांची मोकळी वेळ बघून नवं पाठवलं. गुरुवारचं. आता गुरुवारी आमच्या पट्ट्यात सुट्टी असते. विजेच्या भारामुळे पूर्वी कधीतरी ठरलं आणि अंगवळणी पडलं. रविवारी कामावर जायचं आणि गुरुवारी घरी. लग्नं, बारशी, गावाला जाणं सगळं त्या हिशेबाने. दिल्लीकडच्या बाईंना हे कसं ठाऊक असणार? आणि इथल्या एकाही माणसाने त्यांना कळवलं नाही. मी नंतर एकेकाला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, गुरुवारी कोण मीटिंग ठेवतं मॅडम, चुकून आलं असेल. ना कोणी हो म्हटलं ना कोणी नाही. निमंत्रण नुसतं पडून राहिलं. ही चूक फक्त आमच्याच भागातले लोक करू शकतात.

म्हणजे परिस्थिती अशी की कामगार बुधवारी बसणार, साहेब गुरुवारी बसणार आणि बाकीचे शुक्रवारी. साहेब गुरुवारी एकटे बसले असते, कोणी आलं नाही म्हणून प्लांटला काही म्हणायचं नाही असं धरलं असतं, आणि मसुद्यावर सही केली असती. कोणी कट केला नव्हता. तसं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मला हे कळलं ते कामगाराच्या फोनमुळे. तो पुनावळ्याला भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याने आमच्या ऑफिसचा नंबर कुठून तरी मिळवला होता.

"मॅडम, मला बुधवारचं आलंय बगा. अन् सुपरवायझर साहेबांनी शुक्रवारच्याचा फोटो धाडलाय, म्हणले याच्यात बस. पोरं म्हनतेत मोठे साहेब गुरुवारी हायेत. म्या कुठं बसू?"

मी म्हटलं, "थांबा. कुठेच बसू नका. मी सांगते."

"तसं न्हाई मॅडम, म्या तिन्ही दिवस बसतो. मला काय काम हाय आता."

मी पुन्हा थांबा म्हटलं आणि फोन ठेवला. मग सेफ्टी ऑफिसरला बोलावलं आणि जे बोलायचं ते बोलले, त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. दुसऱ्याच्या निमंत्रणाला आपण हात लावू शकत नाही, ज्याने पाठवलं त्यानेच रद्द करायचं असतं. म्हणून आधी सेक्रेटरीबाईंना फोन केला. त्यांना गुरुवारचं सांगितलं तर त्या बिचाऱ्या किती वेळा सॉरी म्हणाल्या. साहेबांची वेगळी वेळ घेतली, मंगळवारची. मग मालिकेशी काडीचा संबंध नसलेलं एक स्वतंत्र निमंत्रण माझ्या नावाने तयार केलं. ते गेल्यावर बाईंनी त्यांचं गुरुवारचं रद्द केलं आणि रद्द करताना एक ओळ लिहिली की याऐवजी मंगळवारचं अमुक निमंत्रण धरावं. नुसतं रद्द केलं की लोकांना वाटतं चौकशीच रद्द झाली. शुक्रवारची मासिक बैठक तशीच राहू दिली, फक्त तिच्या वर्णनात सेफ्टी ऑफिसरकडून लिहून घेतलं की अपघाताची चौकशी या बैठकीत नाही.

राहिला कामगाराच्या फोनमधला बुधवार. तो आता कोणाच्याच हातात नव्हता, त्यालाच काढायला लागणार होता. मी फोनवर एकेक पायरी सांगत होते आणि तो डाव्या हाताने शोधत होता. मध्येच बायकोला हाक मारायचा, ए, हे धर जरा. शेवटी म्हणाला, "गेलं बगा." मग घाबरून विचारलं, "पन मंगळवारचं तर न्हाई ना गेलं?" ते होतं. त्याने मला त्या निमंत्रणाचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं.

त्या निमंत्रणाचं वर्णन लिहायला मात्र मला आधी फार वेळ लागला होता. इंग्रजीतून लिहायचं ते लिहिलं, दिल्लीसाठी. पण वर मराठी ठेवलं, कारण ज्याच्यासाठी ही बैठक होती त्याला पहिल्यांदा कळायला हवं होतं. ते असं होतं:

"अपघाताच्या चौकशीसाठी ही एकच मीटिंग धरा. बुधवार आणि गुरुवारची निमंत्रणं रद्द आहेत. शुक्रवारच्या मासिक बैठकीत हा विषय नाही.

यायचं कसं: खालच्या निळ्या ओळीवर बोट ठेवा. कंपनीबाहेरच्या मेलवरून येणाऱ्याला 'थांबा' असं दिसेल. बंद करू नका, मी आत घेते. लिंक उघडली नाही तर खाली दिलेल्या नंबरवर साधा फोन लावूनही बोलता येईल.

क्रम: पहिला, जखमी कामगार काय घडलं ते स्वतः सांगतील, त्यांचं होईपर्यंत मध्ये कोणी बोलणार नाही. दुसरा, शिफ्ट सुपरवायझर: पेडलची चावी कोणी दिली, केव्हा, कशासाठी. तिसरा, मेंटेनन्स: मशीनची त्या दिवशीची स्थिती. चौथा, अहवालाचा मसुदा. तो यानंतरच उघडला जाईल.

काही बदललं तर याच निमंत्रणात, सगळ्यात वर लिहिलं जाईल. नवं निमंत्रण येणार नाही. हे पुढे पाठवू नये. कोणाला घ्यायचं असेल तर मला सांगावं."

पुढे पाठवायची सोयही मी बंद करून टाकली. नुसतं लिहून आमच्याकडे कोण ऐकतंय!

हे पाठवण्याआधी प्लांटहेडना दाखवणं भाग होतं. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मॅडम, हे निमंत्रण आहे का कोर्टाचं समन्स? मसुदा पहिला घ्या ना. सगळ्यांना संदर्भ मिळेल."

मी म्हटलं, "सर, मसुदा आधी वाचला की संदर्भ मिळत नाही, निकाल मिळतो. मग त्या माणसाने बोलायचं कशावर?"

"आणि हा दुसरा मुद्दा? चावी कोणी दिली. मसुद्यात तर त्याने घेतली असं आहे."

"म्हणून तर प्रश्न लिहिलाय. दिली नसेल तर सुपरवायझर सांगतील, दिली नाही म्हणून."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते दुष्ट नव्हते. त्यांच्यावर वरून काय येत असेल ते मी बाहेरच्या टेबलावर बसून ऐकलेलं असायचं. शेवटी म्हणाले, मुख्य कार्यालय बघून घेईल. मी तो होकार समजले आणि त्यांचं मन बदलायच्या आत जागेवर येऊन निमंत्रण पाठवून दिलं.

एकेकाची उत्तरं आली, येतो, येतो. शिफ्ट सुपरवायझरचंही आलं. मग दोन दिवस आधी कामगाराचा फोन, की मंगळवारी सकाळी ड्रेसिंगला बोलावलंय आणि तिथे रांग असते. मी तेच निमंत्रण उघडलं, वेळ दुपारची केली, वर्णनात सगळ्यात वर लिहिलं, "बदल: वेळ सकाळऐवजी दुपार. दिवस तोच, लिंक तीच, क्रम तोच," आणि बदल सगळ्यांना पाठवला. वेळ बदलली की आधीचे होकार पुसले जातात आणि प्रत्येकाला नव्याने उत्तर द्यावं लागतं. पुन्हा येतो, येतो आले. सुपरवायझरचं या वेळी आलं ते "नक्की नाही".

सुपरवायझर चाकणच्या आसपासच्याच गावचे. जमीन कंपन्यांत गेली आणि घरातली सगळी कंपन्यांत लागली, अशा घरातले. माझ्या बरोबरीने कंपनीत आलेले. शॉपवर त्यांचा शब्द चालायचा, आणि पोरं त्यांच्यावर जीव टाकायची कारण कोणाची रजा अडली तर ते स्वतः वर येऊन भांडायचे. मी खाली प्रेसशॉपमध्ये गेले. ते मशीन बंदच होतं, भोवती पट्टी बांधलेली. ते शेजारच्या मशीनपाशी उभे होते.

मी विचारलं, "तुमचं उत्तर बदललं."

"व्हय. बघतो म्हनलं."

"वेळ जमत नाही का?"

"वेळंचं काय न्हाई मॅडम." ते मशीनकडे बघत राहिले. "तुमी लई स्पष्ट लिव्हलंय त्यात."

त्यांना 'या' म्हणणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही समजत होतं. मी एवढंच म्हटलं की क्रम बदलणार नाही, त्याच्यानंतर तुम्हीच आहात. ते म्हणाले, "हाय, ते बघितलंय मी."

मंगळवारी मी वेळेच्या आधीच जाऊन बसले. बाहेर थांबलेल्यांत एकच नाव दिसत होतं, त्याच्या बायकोचं, कारण फोन तिच्या नावावर होता. मी आत घेतलं. पडद्यावर आधी पत्र्याचं छप्पर दिसलं, मग फोन सरळ झाला आणि तो दिसला. इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. उजवा हात पट्टीत, मांडीवर. हळूहळू बाकीचे आले. दिल्लीचे साहेब, मेंटेनन्सवाले, सेफ्टी ऑफिसर, प्लांटहेड. शेवटी सुपरवायझर. त्यांनी कॅमेरा बंद ठेवला होता.

साहेबांनी निमंत्रणच समोर उघडलं आणि त्यातला क्रम वाचून दाखवला. मग म्हणाले, "जी, बोलिए। कोई बीच में नहीं बोलेगा।" तो मराठीतून बोलला आणि मी हिंदी करत गेले. पार्ट डायला चिकटत होता. दोन्ही हातांच्या बटणावर वेळ लागत होता. मला चावी दिली आणि म्हटलं पेडलवर घे. मी घेतलं. चिकटलेला पार्ट काढायला हात घातला आणि पाय पडला. इतकंच. कोणी दिली ते मात्र त्याने सांगितलं नाही. साहेबांनी विचारलं, तर म्हणाला, "त्यांचा मुद्दा पुढं हाय ना साहेब. ते सांगतील." हे वाक्य मी हिंदीत जसंच्या तसं सांगितलं.

दुसरा मुद्दा. साहेबांनी सुपरवायझरचं नाव घेतलं. त्यांचा चौकोन काळाच राहिला. मला वाटलं गेले. मग कॅमेरा सुरू झाला आणि त्यांचा चेहरा दिसला, मागे शॉपचं कपाट.

"चावी मी दिली," ते म्हणाले. "त्यानं घेतली न्हाई. त्यानं एकदा नको म्हनलं व्हतं, मी म्हनलं घे."

मसुदा उघडलाच नाही त्या दिवशी. कामगाराचा निष्काळजीपणा हे शब्द काढून टाकायचे, असं साहेबांनी तिथेच सांगितलं आणि त्याला बरा झाल्यावर झेपेल त्या कामावर घ्यायचं ठरलं. मग त्यांनी सुपरवायझरना विचारलं, तुम्ही का दिली? किसके कहने पर? ते म्हणाले, गाडी भरायला उभी होती, वरनं फोन येत होते. कोणाचे फोन? त्यावर प्लांटहेड पहिल्यांदाच बोलले, की हे आजच्या विषयात नाही. खरं होतं, नव्हतंच. साहेबांनी थोडा विचार करून सांगितलं की यावर वेगळी बैठक घ्या, आणि तोवर सुपरवायझर कामावर येणार नाहीत.

बैठक संपल्यावर सुपरवायझर जिन्यात भेटले. हातात टिफिनची पिशवी. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "रोज उघडून वाचायचो मॅडम ते निमंत्रन. वाटायचं चावीचं काढलं असंल तुमी." मला तेव्हा रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. त्यांच्यावरचा हा घाव मी लिहिलेल्या प्रश्नातून आला होता. प्रश्न खरा होता, पुन्हा लिहायची वेळ आली तरी मी तोच लिहीन, पण त्याने त्यांच्या पाठीमागे बंद होणारं गेट काही हलकं झालं नाही.

दुसऱ्या बैठकीचं निमंत्रण मलाच करायचं होतं. विषय वेगळा, दिवस वेगळा, म्हणून नवं केलं आणि वर लिहिलं की ही आधीच्या चौकशीतली पुढची बैठक आहे, आधी काय ठरलं ते खाली आहे. क्रमाशी येऊन मात्र मी अडले. पहिला मुद्दा काय लिहायचा ते मला माहीत होतं. डिस्पॅचसाठी त्या दिवशी शॉपवर फोन कोणी केले, काय सांगितलं. आणि ज्यांना हे विचारायचं त्यांच्या दाराबाहेर माझं टेबल होतं. मी लिहिलं. प्लांटहेडचं नाव, आलेच पाहिजेत अशा यादीत घातलं. सुपरवायझरना त्यांच्या घरच्या मेलवर जोडलं. पाठवलं, आणि त्या दाराकडे बघायचं टाळत उरलेला दिवस काढला. आतून बोलावणं आलं नाही. सुपरवायझरची बाजू सांगायला कोणीही नव्हतं. मेंटेनन्सवाले म्हणाले आम्ही फोन ऐकला नाही. शॉपवरची पोरं म्हणाली मॅडम, आमचं नाव नका टाकू.

दोन दिवसांनी कामगाराचा फोन आला.

"मॅडम, दुसरी मीटिंग हाय म्हनं. मला आलं न्हाई."

मी म्हटलं, "तुम्हाला यायची गरज नाही आता. तुमचं झालं. तुमचं नाव निघालं अहवालातून, कामही मिळतंय. तुम्ही आराम करा."

"व्हय, ते समजलं. पन सुपरवायझर साहेब फोनवर बोलत व्हते तवा म्या शेजारी उभा व्हतो. समोरून जे बोलनं झालं ते म्या ऐकलंय. आवाज कुनाचा तेबी."

तो आता कुठे सुटला होता. ज्या प्लांटहेडच्या हाताखाली त्याला परत कामावर यायचं होतं त्यांचंच नाव घ्यायला तो तयार झाला होता. मी त्याला ते स्पष्ट सांगितलं, अगदी न गाळता. म्हटलं, तुम्हाला पुढे अडचण येईल. नीट विचार करा, घरात विचारा.

"इचारलंय," तो म्हणाला. "त्यांनी माझ्यासाठी सांगितलं. त्यांच्यासाठी कोन सांगनार हाय मॅडम?"

मी निमंत्रण उघडलं. त्याचा मेल जोडला. क्रमात सुपरवायझरच्या वरच्या ओळीत लिहिलं, "जखमी कामगार: फोनवरचं बोलणं काय ऐकलं, ते स्वतः सांगतील." वर लिहिलं, "बदल: एक नाव वाढलं, क्रमात एक ओळ वाढली. दिवस, वेळ, लिंक तीच." प्रोग्रॅमने विचारलं, हा बदल फक्त नव्या माणसाला पाठवायचा की सगळ्यांना. मी सगळ्यांना म्हटलं. आतल्या खोलीत प्लांटहेडच्या कॉम्प्युटरवर निरोप आल्याचा आवाज झाला, आणि जवळजवळ त्याच वेळी माझ्या पडद्यावर पुनावळ्याहून, बायकोच्या नावावरच्या त्याच फोनवरून, पहिलं उत्तर आलं, येतो.